सुपारी सोडली, तरी तोंड का उघडत नाही?

“सुपारी खाऊन आवळलेले तोंड, ती सोडली की काही महिन्यांत आपोआप पूर्वीसारखे उघडेल ना?”

दुर्दैवाने नाही. सुपारीतील अरेकोलिन हे द्रव्य गालाच्या अस्तराखालील पेशींना कोलॅजन या प्रथिनाचे चिवट तंतू अधिक तयार करायला लावते, आणि सुपारीतीलच तांब्यामुळे त्या तंतूंची एकमेकांशी वीण इतकी घट्ट होते की शरीराला ते सहज विरघळवता येत नाहीत. म्हणून तंबाखू नसलेली सुपारीही निर्धोक नाही. सोडल्याने नवी भर थांबते, जळजळ बहुधा कमी होते. पण गालात बोटाला लागणारे उभे, दोरीसारखे पट्टे तसेच राहतात.

त्यांना ताण द्यावा लागतो. समजा, तोंड पूर्ण उघडल्यावर वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये 24 मिमी अंतर उरले आहे (सर्वसाधारणपणे ते 35 ते 50 मिमी असते). दीड मिमी जाडीच्या 16 लाकडी पट्ट्या तिथे बसतील. त्या अर्धा मिनिट धरून ठेवाव्यात, दिवसातून अनेकदा हेच करावे आणि सैल वाटू लागल्या की सतरावी सरकवावी. जोर मात्र करू नये. अस्तर फाटले तर तिथे नवा व्रण धरतो.

गालात ऊती सैल करणारे हायलुरोनिडेज व स्टिरॉइड यांची इंजेक्शने दिल्यास ताण देणे सोपे जाते. अंतर फारच कमी झाल्यास पट्टे शस्त्रक्रियेने कापतात, परंतु त्यानंतर अनेक महिने व्यायाम न केल्यास तोंड पुन्हा आवळते. कर्करोगाचा धोका सुपारी सोडल्यावरही उरतो, त्यामुळे न भरणारी जखम किंवा गाठ दिसताच तपासणी करून घ्यावी.