फॅटी लिव्हर आणि दोन तासांनंतरची साखर

सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसले की यकृततज्ज्ञ यकृताच्या तपासण्यांबरोबर रक्तातील साखरेच्या तपासण्याही लिहून देतात, आणि उपाशीपोटीची साखर नॉर्मल आल्यानंतरही कधीकधी ग्लुकोज पिऊन करायची दोन तासांची जीटीटी चाचणी सांगतात. रुग्णाला ती अनावश्यक वाटते, परंतु फॅटी लिव्हर असलेल्या माणसात उपाशीपोटीच्या आकड्यामागे बरेच काही दडलेले असू शकते.

रात्रभर आपण काही खात नाही, तेव्हा रक्तातली साखर मुख्यतः यकृत पुरवते, आणि हा पुरवठा किती असावा हे इन्सुलिन ठरवते. यकृतात चरबी साठली की ते इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि गरजेपेक्षा जास्त साखर सोडू लागते. स्वादुपिंड त्यावर अधिक इन्सुलिन स्रवून तोल सांभाळते. शिवाय चरबीने भरलेले यकृत रक्तातले इन्सुलिन काढून टाकण्यातही मागे पडते, त्यामुळे त्याची पातळी आणखी वाढते. म्हणजेच सकाळचा आकडा नॉर्मल असतो, पण तो तसा ठेवण्यासाठी शरीर जास्त इन्सुलिन खर्च करत असते. जेवणानंतर साखर मुख्यतः स्नायूंनी शोषायची असते, आणि तेही इन्सुलिनला दाद देत नसतील तर हा तोल पहिल्यांदा तिथे ढळलेला दिसतो.

एक काल्पनिक, पण नेहमी आढळणाऱ्या धर्तीचे उदाहरण घेऊ. ४४ वर्षांच्या एका गृहस्थांची उपाशीपोटीची साखर ९६ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर आहे आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा एचबीए१सी ५.६ टक्के. बहुतेक प्रयोगशाळा वापरतात त्या निकषांनुसार पूर्वमधुमेह उपाशीपोटी १०० पासून आणि एचबीए१सी ५.७ पासून धरला जातो, म्हणून दोन्ही आकडे नॉर्मल ठरतात. उपाशीपोटीचे इन्सुलिन मात्र १८ मायक्रोएकक प्रति मिलिलीटर निघाले. साखर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून त्याला ४०५ ने भागले की इन्सुलिनरोधाचा होमा निर्देशांक मिळतो. तो इथे सुमारे ४.३ येतो. हा आकडा वाढलेला आहे, तरी त्यावरून पूर्वमधुमेहाचे निदान होत नाही, कारण इन्सुलिन मोजण्याच्या पद्धती प्रयोगशाळेगणिक वेगळ्या आहेत आणि सर्वमान्य मर्यादा ठरलेली नाही. जीटीटीत दोन तासांनंतरची साखर १७२ आली, तेव्हा चित्र स्पष्ट झाले: १४० ते १९९ म्हणजे पूर्वमधुमेह आणि २०० किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेहाची पातळी. फक्त सकाळचे रक्त तपासले असते तर हे निसटले असते.

ही चाचणी नीट झाली नाही तर मात्र तिचा आकडा फसवतो. आदल्या रात्री किमान आठ तास उपास, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे २५० ते ३०० मिलिलीटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत पिणे, आणि पुढचे दोन तास शांत बसणे, एवढे बहुतेकांना सांगितले जाते. त्याआधीच्या तीन दिवसांचा आहार मात्र अनेकदा विचारलाच जात नाही, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. फॅटी लिव्हर कळल्याबरोबर अनेक जण पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करतात. अशा शरीराला अचानक ७५ ग्रॅम ग्लुकोज मिळाले की साखर नेहमीपेक्षा जास्त चढते आणि नसलेला पूर्वमधुमेह दिसू शकतो. म्हणून चाचणीपूर्वी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदके आहारात असावीत असा संकेत आहे. रक्ताचा नमुना तासन्‌तास तसाच पडून राहिला तर पेशी त्यातली साखर वापरत राहतात आणि आकडा उलट कमी येतो.

एचबीए१सीची मर्यादा निराळी आहे. लाल पेशींच्या आयुष्यभरात त्यांतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, याचा तो हिशेब असतो. आजार सिरॉसिसपर्यंत पोहोचून पाणथरी वाढली असेल तर लाल पेशी लवकर नष्ट होतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि प्रत्यक्षात साखर वाढलेली असतानाही एचबीए१सी ठीक दिसतो. लोहाच्या कमतरतेने झालेल्या रक्तक्षयात तो उलट वाढलेला दिसू शकतो. म्हणून हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट कमी असलेल्या यकृतरुग्णात एचबीए१सी आणि प्रत्यक्ष साखर जुळत नसेल, तर डॉक्टर साखरेच्या आकड्यांवर जास्त भर देतात.

आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांना त्रास काहीच नव्हता, त्यामुळे १७२ हा आकडा आणखी एखाद्या दिवशी केलेल्या चाचणीने किंवा वेगळ्या तपासणीने पडताळून घेणे योग्य. तो कायम राहिला तर साखरेची तपासणी दरवर्षी करावी लागते, आणि यकृततज्ज्ञ यकृतात व्रणासारखे तंतू किती साठले आहेत हेही अधिक बारकाईने पाहतात, कारण साखर बिघडलेल्या माणसांत हे तंतू वाढण्याचा धोका जास्त असतो.