मोठ्या दुरुस्त्या आणि पीएचडी

"व्हायव्हात मोठ्या दुरुस्त्या सांगितल्या, म्हणजे पीएचडी गेलीच ना सर?"

नाही. प्रबंध नाकारणं हा वेगळाच शेरा असतो. सांगलीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीचा विषय होता तासगावच्या द्राक्षबागायतदारांचं कर्ज. परीक्षकांनी विचारलं, "१२० च शेतकरी का? निवडले कसे?" तिने तोंडी नीट सांगितलं, पण प्रबंधात ते नव्हतंच. हा प्रश्न हमखास येतो, म्हणून उत्तराचं पान आधीच शोधून ठेवावं. तिला मोठ्या दुरुस्त्या सांगितल्या गेल्या आणि संशोधन पद्धतीचं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. परीक्षकांना उत्तर देण्यासाठी आम्ही तीन रकाने आखले: परीक्षकांचं वाक्य, केलेला बदल, पान क्रमांक. एक सूचना पटली नाही, तिथे बदल न करता कारण लिहिलं. ते परीक्षकांनी मान्य केलं. मुद्दा गुपचूप गाळला असता, तर प्रबंध परत आला असता.