अंतर्गत बदलीचे पत्र: रुजू तारीख आणि कार्यभार हस्तांतरणाचा काळ

एकाच कंपनीत दुसऱ्या पदासाठी निवड झाली, तरी सध्याच्या मॅनेजरने कार्यमुक्त केल्याशिवाय बदली पक्की होत नाही. ती पक्की करणारे पत्र एचआर देते. अर्ज करण्यासाठी सध्याच्या पदावर किती काळ झालेला असावा, हे प्रत्येक कंपनीचे धोरण ठरवते. बहुतेक ठिकाणी वर्ष-दीड वर्षाची अट असते आणि शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित नसावी लागते. कागदपत्रे मोजकीच लागतात: निवडीचा ईमेल, मॅनेजरचा रिलीजचा ईमेल आणि हस्तांतरणाच्या कामांची यादी. रिलीज तोंडी मिळाला असेल, तर तो तारखेसह लेखी मागून घ्यावा. वरिष्ठांकडे असा आग्रह धरताना संकोच वाटतो, पण पत्रातील प्रत्येक तारीख याच ईमेलवर उभी असते.

खरी गफलत होते ती दोन तारखांमध्ये. समजा, ऐरोलीच्या कार्यालयात लेखा विभागात काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याची त्याच कंपनीच्या महापे येथील खरेदी विभागात निवड झाली. मॅनेजरने 12 जूनला रिलीज देताना 15 जून ते 14 जुलै असा तीस दिवसांचा हस्तांतरणाचा काळ मागितला. त्याप्रमाणे नवीन पद 15 जुलैपासून लागू व्हायला हवे. मात्र पगाराचा हिशेब महिन्याच्या मध्यावर दोन विभागांत विभागावा लागू नये म्हणून एचआरने पत्रात 1 जुलै ही तारीख घातली, तर 1 ते 14 जुलै या काळात हा कर्मचारी कागदोपत्री महापेचा आणि कामाने ऐरोलीचा राहतो. या चौदा दिवसांत रजा कोण मंजूर करणार, हजेरी कोणाकडे लागणार आणि जुन्या विभागाच्या प्रणालीतील त्याचा प्रवेश कधी बंद होणार, हे पत्रात नसेल, तर त्याची रजा दोन्हीकडे अडकते. काही वेळा जुना प्रवेश 1 जुलैलाच बंद होतो आणि मग हस्तांतरण करायचे म्हटले तरी करता येत नाही.

म्हणून पत्रात असे एक वाक्य मागावे: ‘नवीन पद 1 जुलैपासून लागू राहील, 14 जुलैपर्यंत कर्मचारी जुन्या विभागाचे हस्तांतरण पूर्ण करील, त्या काळातील रजा नवीन विभागप्रमुख मंजूर करतील आणि जुन्या प्रणालीतील प्रवेश 14 जुलैपर्यंत चालू राहील.’ हस्तांतरण लांबल्यास मुदत कोणाच्या लेखी संमतीने वाढेल, हेही त्यातच यावे. नाहीतर जुना विभाग ‘आणखी एक आठवडा’ म्हणत राहतो. काम संपल्यावर यादीवर जुन्या मॅनेजरची सही घेऊन तिची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

बदलीसाठी राजीनामा देऊ नये, कारण नोकरी तुटत नाही. शिल्लक रजा, भविष्य निर्वाह निधीचे खाते आणि ग्रॅच्युइटीसाठी मोजली जाणारी सेवा पुढे चालू राहते. मात्र नवीन पद समूहातील वेगळ्या नोंदणीच्या कंपनीत असेल, तर हे गृहीत धरू नये. पूर्वीची सेवा अखंड धरली जाईल, असे पत्रात लिहून घेतल्यावरच सही करावी.