वाळूतला पट्टी-पाया आणि वर चढणारे भूजल

तापीकाठच्या गावांत घराचा पाया बहुधा उन्हाळ्यात खोदला जातो. मे महिन्यात चर कोरडा असतो, वाळू हाताला जेमतेम ओलसर लागते आणि मातीची तपासणी झाली असेल, तर तीही याच दिवसांत उरकलेली असते. सुलवाडे, सारंगखेडा किंवा प्रकाशा येथील बॅरेजच्या वरच्या अंगाला मात्र नदीत पाणी अडवले की काठच्या जमिनीतील भूजलाची पातळीही नदीपाठोपाठ वर येते, आणि मे महिन्यात कितीतरी खोल असलेले पाणी पायाच्या तळाजवळ, क्वचित जमिनीच्या पृष्ठभागाजवळ पोहोचू शकते. पाया तोच, भिंत तीच आणि वाळूही तीच असते. तरी त्या वाळूची भार पेलण्याची क्षमता तीच राहत नाही. ही क्षमता किती घटते आणि का घटते, हे एका साध्या घराच्या हिशेबातून स्पष्ट होते.

आधी एक मर्यादा सांगितली पाहिजे. हा हिशेब खान्देशातल्या प्रत्येक जमिनीला लागू नाही. काळ्या मातीचा प्रश्न फुगण्या-आकसण्याचा आहे आणि तो सर्वस्वी वेगळा आहे. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात तर उपशामुळे भूजल इतके खोल गेले आहे की घराच्या पायाशी त्याचा संबंध सहसा येत नाही. नदीकाठची वाळूची पट्टी, बॅरेजच्या फुगवट्यालगतची जमीन आणि कालव्याच्या पाझराखालचा भाग, जिथे पायाखाली स्वच्छ वाळू आहे आणि पाणी वर येऊ शकते, अशा जागांपुरते हे विवेचन आहे.

भिंतीखाली सलग जाणारा, लांबीच्या मानाने अरुंद असा पाया म्हणजे पट्टी-पाया. त्यावर भार वाढवत नेला, तर अखेरीस वाळू कशी हार मानते हे पाहू. पायाच्या थेट खाली वाळूची पाचरीसारखी त्रिकोणी वडी तयार होते आणि ती पायाबरोबर खाली जाऊ लागते. खाली जाताना ती दोन्ही बाजूंच्या वाळूला आडवे ढकलते. ती बाजूची वाळू एका वक्र पृष्ठभागावरून सरकत वर येऊ पाहते आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना जमीन फुगते. हे सारे पायाच्या तळाखाली साधारणपणे पायाच्या रुंदीइतक्या खोलीत घडते. एक मीटर रुंद पायाला तळाखालच्या पहिल्या एक मीटर वाळूचीच मुख्य चिंता करावी लागते, ती याच कारणाने.

या सरकण्याला दोन गोष्टी विरोध करतात. पहिली म्हणजे पायाच्या तळापेक्षा वर, बाजूला भरलेल्या मातीचे वजन. वर येऊ पाहणाऱ्या वाळूला तेच दाबून धरते. दुसरी म्हणजे सरकणाऱ्या वाळूचे स्वतःचे वजन. वाळूला चिकणमातीसारखा चिकटपणा नसल्याने तिसरा आधार मिळत नाही. कार्ल टेर्झागी यांनी १९४३ मध्ये मांडलेल्या सूत्राचे वाळूपुरते रूप म्हणूनच एवढेच उरते:

q = γ·D·Nq + ½·γ·B·Nγ

येथे γ म्हणजे वाळूचे एकक वजन, D पायाची खोली, B पायाची रुंदी, आणि Nq व Nγ हे वाळूच्या घर्षणकोनावर, म्हणजे कण एकमेकांवरून घसरण्याला किती विरोध करतात हे दाखवणाऱ्या कोनावर, ठरणारे गुणक आहेत. IS 6403 या भारतीय मानकाच्या तक्त्यात ३०° घर्षणकोनासाठी Nq १८.४ आणि Nγ २२.४ दिलेला आहे. ३०° ही सैल आणि मध्यम घट्ट यांच्या सीमेवरची वाळू होय. त्याहून सैल वाळूत गुणक आणखी कमी धरावे लागतात.

सूत्राच्या दोन्ही पदांत γ आहे, आणि पाण्याचा सारा परिणाम तिथूनच शिरतो. पाण्यामुळे वाळू निसरडी होते, असा समज गवंड्यांपासून घरमालकांपर्यंत अनेकांचा असतो. परंतु वाळूच्या कणांमधील घर्षणकोन ओलाव्याने फारसा बदलत नाही. बदलतो तो कणांनी एकमेकांवर दिलेला दाब. विहिरीतून वर ओढलेली भरलेली बादली पाण्याबाहेर येताच जड होते, म्हणजे पाण्यात असताना तिचे वजन पाणी तोलून धरत असते. बुडालेल्या वाळूच्या प्रत्येक कणाचेही तसेच होते. ओलसर वाळूचे वजन घनमीटरला साधारण १.७ टन भरते. तीच वाळू पूर्ण भिजली की सुमारे २ टनांची होते खरी, पण त्यातले १ टन पाणी उचलून धरते, आणि कणांच्या सांगाड्याला जाणवणारे वजन उरते अवघे १ टन. घर्षण हे या सांगाड्यातल्या दाबावर अवलंबून असते. म्हणून वाळू ओली होऊन जड झाली असतानाच तिचा विरोध मात्र कमी होतो.

आता आकडे घालून पाहू. पाया १ मीटर रुंद आणि १ मीटर खोल आहे, वाळूचा घर्षणकोन ३०° आहे आणि भूजल खूप खाली आहे असे धरू. बाजूच्या मातीचा वाटा १.७ × १८.४, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३१.३ टन येतो. वाळूच्या स्वतःच्या वजनाचा वाटा ०.५ × १.७ × १ × २२.४, म्हणजे सुमारे १९ टन येतो. बेरीज ५०.३ टन होते. खोदून काढलेल्या मातीचा मूळचा १.७ टन दाब वजा करून उरलेल्याला ३ या सुरक्षा गुणकाने भागले, की निव्वळ सुरक्षित धारणक्षमता १६.२ टन मिळते.

पाणी चढत चढत पायाच्या तळापर्यंत आले, तर फक्त दुसऱ्या पदातली वाळू बुडते. तिचा वाटा १९ वरून ११.२ टनांवर येतो आणि सुरक्षित क्षमता १३.६ टन राहते. घट सुमारे १६ टक्क्यांची आहे, म्हणजे लक्षात घ्यावी अशी, पण भयंकर नव्हे. पाणी तळाच्या खाली पायाच्या रुंदीइतके किंवा अधिक खोल असेल, तर परिणाम धरण्याची गरज नसते. त्या दोन पातळ्यांच्या मध्ये तो सरळ प्रमाणात वाढत जातो.

खरी घसरण त्यापुढे होते. पाणी तळाच्याही वर चढून जमिनीच्या पृष्ठभागाला टेकले, तर बाजूची मातीही बुडते आणि ३१.३ टनांचा मोठा वाटा १८.४ टनांवर येतो. एकूण क्षमता २९.६ टन आणि निव्वळ सुरक्षित क्षमता ९.५ टन, म्हणजे कोरड्या स्थितीच्या ५९ टक्केच उरते. मानकात पाण्यासाठी ०.५ हा सुधारणा गुणक दिलेला आहे आणि तो केवळ वाळूच्या स्वतःच्या वजनाच्या पदाला लावायचा असतो. तो लावला की पाण्याचा हिशेब संपला, असे मानून पहिल्या पदात १.७ तसाच ठेवण्याची चूक अहवालांमध्ये होऊ शकते. पहिल्या पदातला दाबसुद्धा बुडालेल्या वजनानेच काढावा लागतो, आणि आपल्या उदाहरणात तर तेच पद मोठे आहे. अहवाल हाती आल्यावर हे एक पद तपासून पाहणे अवघड नाही.

या घसरणीचा घराशी संबंध रुंदी ठरवताना येतो. विटांच्या भारवाहक भिंती असलेल्या दुमजली घरात आतल्या भिंतीचा भार, पायाच्या वजनासह, लांबीच्या एका मीटरला ९ टन आहे असे समजू. कोरड्या हिशेबाने ७० सेंटिमीटर रुंदी पुरेशी ठरते, कारण दाब १२.९ टन आणि सुरक्षित क्षमता १४.३ टन येते. खर्च वाचवण्यासाठी तेवढ्याच रुंदीवर थांबलो आणि पाणी पृष्ठभागापर्यंत आले, तर सुरक्षित क्षमता ८.४ टनांवर येते आणि ३ चा सुरक्षा गुणक जवळजवळ २ वर घसरतो. पाया १ मीटर रुंद केला असता, तर दाब ९ टन आणि क्षमता ९.५ टन, अशी दोन्ही ऋतूंत निभावणारी जुळणी मिळाली असती. खोली वाढवण्याचाही मार्ग आहे. दीड मीटर खोलीवर ८० सेंटिमीटर रुंदी याच भाराला पुरते, कारण बाजूच्या मातीचा वाटा खोलीबरोबर वाढतो. मात्र जास्तीचा अर्धा मीटर पाण्याखाली खोदावा लागणार असेल, तर मला रुंदी वाढवणेच अधिक योग्य वाटते. कारण चरातच पंप टाकून पाणी उपसले की तळातून वर येणारे पाणी वाळू सैल करते, आणि ज्या वाळूवर आपण पाया ठेवणार तीच बिघडते. उपसा करावाच लागला, तर चराबाहेर बोअर घेऊन पातळी आधी खाली उतरवावी. चराच्या तळाशी वाळू उकळल्यासारखी हलताना दिसली, तर काँक्रीट टाकण्याचे काम तिथेच थांबवावे.

सुरक्षा गुणक २ वर आल्याने घर कोसळत नाही. त्याआधीच ते खचू लागते. सांगाड्यातला दाब निम्म्याच्या जवळ आला की वाळूचा ताठपणाही त्याच प्रमाणात कमी होतो, आणि पाणी पायाच्या तळापर्यंत पोहोचल्यास खचण्याचे प्रमाण ढोबळमानाने दुप्पट धरण्याचा प्रघात आहे. रुंद पायांमध्ये तर भार किती घालायचा हे बहुधा खचण्यावरूनच ठरते. सैल वाळूत आणखी एक भर पडते. ओलसर वाळूचा चर उभा राहतो, कारण कणांमधले थोडेसे पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरते. वाळू पूर्ण भिजली की ही ओढ नाहीशी होते आणि थर अचानक बसतो. उन्हाळ्यात चराच्या भिंती ताठ उभ्या आहेत, यावरून जमीन चांगली आहे असा निष्कर्ष काढू नये, तो याचसाठी.

खचणे घरभर सारखे झाले तर फारसे बिघडत नाही. एक कोपरा अधिक खचला तर बिघडते. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी तिरपी चढणारी भेग, वर रुंद आणि खाली बारीक असेल, तर कोपरा खाली जात असल्याचा संशय घ्यावा. भेगेवर गिलाव्याची लहान पट्टी मारून तारीख लिहावी आणि तीच पट्टी मे महिन्यात व पावसाळ्यानंतर तपासावी. जवळच्या विहिरीतील पाण्याची खोलीही त्याच दिवशी मोजून नोंदवावी. पाणी चढते तेव्हाच पट्टी तडकत असेल, तर कारण पायाखाली शोधावे लागेल. नव्या बांधकामासाठी तपासणी मे महिन्यात केली असली, तरी हिशेब मात्र शेजारच्या विहिरींत पावसाळ्यानंतर दिसणाऱ्या सर्वांत उंच पातळीवर करण्यास अभियंत्याला सांगावे, आणि बॅरेजच्या फुगवट्यालगत असाल तर पूर्ण साठ्याच्या पातळीवर.