लॉगमधले तीन तारे

रात्री चालणाऱ्या क्रॉन जॉबचं आउटपुट पूर्वी त्याच मशीनवरच्या जॉबच्या मालकाला मेलने जायचं. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक कमांड छापणारा `set -x` राहून पासवर्ड छापला गेला, तरी वाचणाऱ्याला तो बहुधा ठाऊकच असे. पुढे बिल्ड आणि टेस्ट कोड बदलला की आपोआप चालवणाऱ्या सीआय सेवांवर गेल्या, आणि खुल्या प्रोजेक्टचे लॉग कोणालाही वाचता येऊ लागले.

त्यावर सेवांनी काढलेला मार्ग म्हणजे मास्किंग. पासवर्ड किंवा टोकनसारखं सीक्रेट सेवेकडे आधी नोंदवायचं; लॉगची ओळ लिहिताना जॉब चालवणारा रनर तो मजकूर शोधून त्याजागी `***` टाकतो. मास्किंग हा शब्द फसवा आहे. इथे काहीच झाकलं जात नाही, फक्त हुबेहूब जुळणारा मजकूर बदलला जातो. जॉबच्या हातात टोकन पूर्णच असतं.

यातली खाच नीट पाहण्यासारखी आहे:

```
curl -v -u "deploy:$TOKEN" "$URL"
```

`-v` मुळे `Authorization: Basic` हा हेडर लॉगमध्ये येतो. त्यात `deploy:` आणि टोकन एकत्र जोडून बेस64 केलेलं असतं, म्हणून मूळ टोकन शोधणाऱ्या रनरला काही सापडत नाही. मग टोकनचं बेस64 रूपही नोंदवलं तर? तेही पुरत नाही. बेस64 दर 3 बाइटचा गट घेऊन 4 अक्षरं करतो. `deploy:` चे 7 बाइट, म्हणजे टोकन गटाच्या मधूनच सुरू होतं आणि त्याची अक्षरं निराळीच येतात. हे कळल्यावर काही रनरमध्ये एक-दोन बाइट सरकवलेली रूपंही नोंदवायला सुरुवात झाली. मला ही वाटच चुकीची वाटते: प्रत्येक नव्या रूपामागे यादी धावत राहते, आणि `-v` काढून टाकण्याचं साधं काम मागे पडतं.

मार्च 2025 मध्ये हे उघड्यावर आलं. बदललेल्या फाइलींची यादी देणारी एक तयार पायरी 23 हजारांहून अधिक रिपॉझिटरी वापरत होत्या. तिच्यात घुसवलेल्या कोडने रनरच्या मेमरीतली सीक्रेट्स वाचली आणि दोनदा बेस64 करून लॉगमध्ये छापली. दुहेरी रूप कुठल्याच यादीत नव्हतं, त्यामुळे तारे उमटले नाहीत. ज्यांचे लॉग सार्वजनिक होते, त्यांची सीक्रेट्स कोणीही दोनदा उलगडून वाचू शकत होतं. अशा वेळी लॉग पुसणं पुरत नाही, कारण प्रत आधीच कोणी घेतलेली असू शकते. टोकन रद्द करून नवं काढावंच लागतं.

व्यक्तिगत माहितीला तर ही यादी लागूच पडत नाही. आयात जॉब एका ओळीवर अडला आणि त्याने ती अख्खी ओळ रिपोर्टमध्ये टाकली, तर त्यातला ग्राहकाचा मोबाइल नंबर आधी नोंदवलेला असणं शक्यच नाही. नंबरचा हॅश लिहिण्याची पद्धत आहे, पण भारतातले मोबाइल नंबर 10 अंकी आणि 6 ते 9 ने सुरू होणारे. एकूण शक्यता 400 कोटी. साधा हॅश असेल तर त्या सगळ्या साध्या संगणकावरही करून पाहता येतात. म्हणून आता रिपोर्टमध्ये ओळीचा क्रमांक, अडलेल्या रकान्याचं नाव आणि चूक कोणत्या प्रकारची एवढंच लिहितात. मूल्य पाहायचं असेल तर ज्याला परवानगी आहे त्याने डेटाबेसमध्ये जाऊन पाहायचं.