जोडवी घट्ट होणे आणि बांगडी घट्ट होणे: गरोदरपणातील दोन सुजा

सोलापूरच्या उन्हाळ्यात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकावर बसलेल्या गरोदर बायकांच्या पायांकडे पाहिले, तर सातवा महिना उलटलेल्यांपैकी अनेकींच्या घोट्यांवर सूज दिसते. सोबत आलेली सासू किंवा आई बहुतेक वेळा "पहिलटकरीण आहे, पाय सुजायचेच" असे म्हणते, आणि बहुतेक वेळा तिचे बरोबरही असते. अडचण अशी की प्री-एक्लॅम्प्सिया या आजारात वाढलेल्या रक्तदाबाबरोबर येणारी सूजही सुरुवातीला अशीच दिसते, आणि तिच्या पुढच्या टप्प्यावर झटके येऊन आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

साध्या सुजेचे कारण सरळ आहे. गरोदरपणात शरीरातले पाणी वाढलेले असते, आणि वाढलेल्या गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरांवर पडल्यामुळे पायांकडचे रक्त वर चढायला वेळ लागतो. दिवसभर विडी वळत मांडी घालून बसणारी किंवा तासन्‌तास उभ्याने काम करणारी बाई संध्याकाळी पाहावी, तर जोडवी बोटात रुतलेली असतात. तीच बाई डाव्या कुशीवर झोपून सकाळी उठली की सूज बरीच उतरलेली असते. दुसऱ्या सुजेचे मूळ वारेत, म्हणजे बाळाला रक्त पुरवणाऱ्या नाळेच्या मुळाशी असते. तिथल्या बिघाडामुळे आईच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावते, त्यातून पाणी पाझरते, मूत्रपिंडातून प्रथिने लघवीत उतरतात आणि रक्तदाब चढतो. ही सूज पायांपुरती थांबेलच असे नाही. झोपून उठल्यावरही पापण्या जड असतात, अंगठी निघत नाही, आणि डोहाळजेवणात भरलेल्या हिरव्या बांगड्या आठवडाभरात मनगटात रुतू लागतात.

जोडवी आणि बांगड्यांची ही खूण मी समुपदेशनात आवर्जून सांगते, कारण ती घरी आरशाशिवायही कळते. मात्र तिच्यावर निदान करू नये. चेहरा सुजलेल्या काही बायकांचा रक्तदाब अगदी योग्य निघतो, काहींना अंगावर थेंबभर सूज नसताना आजार असतो, आणि रक्त फार कमी झाले तरी सूज येते. म्हणूनच या आजाराच्या निदानाच्या निकषांतून सूज आता वगळली आहे. दोन सुजांमधला फरक अखेरीस रक्तदाबाचा पट्टा आणि लघवीची तपासणी यांनीच ठरतो. विसाव्या आठवड्यानंतर वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याच्या पुढे, आणि किमान चार तासांनी पुन्हा मोजल्यावरही तसाच, तर रक्तदाब वाढला असे धरायचे. त्याच्या जोडीला लघवीत प्रथिने आढळली, तर बाईला वरच्या रुग्णालयात पाठवायचे.

हे आकडे चुकीचे मिळणेही सोपे असते. उन्हातून चालत आलेल्या बाईचा रक्तदाब लगेच घेतला तर तो चढलेला दिसतो, म्हणून पाच मिनिटे पाठ टेकून बसवावे आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो. अंगावरून पांढरे जात असेल तर ते लघवीत मिसळून प्रथिने असल्याचा भास होतो, म्हणून सुरुवातीची धार सोडून मधली घ्यायला सांगावे. लघवी तपासायची पट्टी संपलेली असेल, तर परीक्षानळीतल्या लघवीचा वरचा भाग तापवतात. गढूळपणा आला तर आम्लाचे दोन-तीन थेंब टाकतात. गढूळपणा विरला तर ते क्षार, टिकला तर प्रथिने.

आता एक उदाहरण घेऊ. सोलापूर शहरात यंत्रमागावर काम करणाऱ्याची बायको, वय २१, पहिलीच खेप. अकराव्या आठवड्यात नोंदणी झाली तेव्हा रक्तदाब १०४/६६ आणि वजन ४६ किलो होते. बाविसाव्या आठवड्यात १००/६४, कारण गरोदरपणाच्या मध्यावर रक्तदाब स्वाभाविकपणे थोडा उतरतो. तिसाव्या आठवड्यात ११८/७६ आणि वजन ५३ किलो. त्यानंतर रीतीप्रमाणे ती बाळंतपणासाठी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या माहेरी आली. माता-बाल संरक्षण कार्ड मात्र सासरी कपाटातच राहिले. चौतिसाव्या आठवड्यात माहेरच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब १३४/८६ भरला, लघवी स्वच्छ आणि पाय सुजलेले. कार्ड नसलेल्या सिस्टरला हा आकडा हद्दीतला वाटला, आणि तो हद्दीतला होताही. पण भावाने दुसऱ्या दिवशी कार्ड आणून दिले तेव्हा दोन गोष्टी उघड झाल्या. बाविसाव्या आठवड्यापेक्षा वरचा आकडा ३४ ने चढला होता, आणि वजन चार आठवड्यांत ५३ वरून ५७.२ झाले होते. महिन्यात तीन किलोंपेक्षा जास्त वाढ झाली की संशय घ्यायचा असतो. तिला महिन्याऐवजी आठवड्याने बोलावले. तेव्हा रक्तदाब १४४/९४, चार तासांनी १४६/९४, लघवीत प्रथिने दोन अधिक. त्याच दिवशी तिला रुग्णवाहिकेने सोलापूरच्या सिव्हिलला पाठवले.

सरकारी वेळापत्रकात किमान चार तपासण्या आहेत: बारा आठवड्यांच्या आत, १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ नंतर. हे किमान आहे, पुरेसे नव्हे. तिसरी तपासणी २८ व्या आठवड्यात आणि चौथी ३६ व्या आठवड्यात झाली, तर मधले आठ आठवडे कोणी पाहतच नाही, आणि हा आजार डोके वर काढतो तो बहुधा याच काळात. दर महिन्याच्या ९ तारखेचा सुरक्षित मातृत्वाचा दिवस ही फट काही प्रमाणात बुजवतो. माहेरी जाण्याचा काळही नेमका हाच, म्हणून कार्ड बाईबरोबर गेले पाहिजे, हे मी तिच्या नवऱ्यासमोर सांगते.

त्या मुलीच्या आईने निघताना विचारले, "मॅडम, हिचं मीठ बंद करू का? भाकरी अळणीच देते." मीठ तोडल्याने हा आजार थांबत नाही, आणि अळणी जेवण नको होऊन पोरीचे खाणेच कमी होते. सूज उतरवायला लघवीच्या गोळ्या दुकानातून आणणे तर घातकच. चौदाव्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा घ्यायच्या कॅल्शियमच्या गोळ्यांचा मात्र या आजाराविरुद्ध उपयोग होतो. फक्त त्या लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नयेत, कारण लोह मग नीट शोषले जात नाही.

पुढच्या तारखेची वाट न पाहता निघायचे ते या तक्रारींवर: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, आणि बरगड्यांखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणे. ही शेवटची तक्रार सर्वांत फसवी असते, कारण तिला घरोघरी 'पित्त' म्हणतात आणि सोडा देऊन गप्प बसवतात. प्रत्यक्षात ती यकृताला आलेल्या सुजेची असू शकते. रक्तदाब १६०/११० च्या घरात गेला किंवा झटका आला, तर आरोग्य केंद्रातच मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा, दोन्ही कुल्ल्यांत खोलवर प्रत्येकी ५ ग्रॅम, देऊन मगच १०८ मध्ये चढवायचे असते.

बाळंत झाल्यावर साधी सूज काही दिवसांत ओसरते. दुसऱ्या प्रकारात रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढू शकतो आणि झटके तेव्हाही येऊ शकतात. आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतात, तेव्हा सगळ्यांचे लक्ष बाळाच्या वजनाकडे असते. त्याच भेटीत आईला डोके दुखते का हे विचारावे, आणि पट्टा बांधून रक्तदाब घेण्याची सोय उपकेंद्राकडून करून घ्यावी.