‘दहा अंशांनी’ आणि ‘दहा अंशांवर’

‘तापमान १० अंशांनी उतरले’ आणि ‘तापमान १० अंशांवर उतरले’. दोन वाक्यांत फरक आहे तो एका शब्दाच्या शेपटाचा. पण हे १० अंश सेल्सिअसचे असतील आणि ते फॅरनहाइटमध्ये सांगायचे असतील, तर पहिल्या वाक्यात १८ लिहावे लागतात आणि दुसऱ्यात ५०. घाईत बातमी किंवा अहवाल लिहिणारा माणूस बहुतेक वेळा दोन्हीकडे ५० लिहून मोकळा होतो, कारण शाळेत पाठ केलेले सूत्र तेच उत्तर देते:

```
फॅरनहाइट = सेल्सिअस × १.८ + ३२
```

सूत्रात चूक नाही. ते तापमापकावर दिसणाऱ्या आकड्यासाठी आहे, दोन आकड्यांमधल्या अंतरासाठी नाही, एवढेच.

त्यातले १.८ आणि ३२ वेगवेगळी कामे करतात. पाणी गोठण्यापासून ते नेहमीच्या हवेच्या दाबाला उकळेपर्यंतचे अंतर सेल्सिअसच्या मापात १०० पायऱ्यांचे आहे. तेच अंतर फॅरनहाइटमध्ये ३२ पासून २१२ पर्यंत, म्हणजे १८० पायऱ्यांचे. म्हणून सेल्सिअसची एक पायरी फॅरनहाइटच्या १.८ पायऱ्यांएवढी उंच. ३२ चा पायरीच्या उंचीशी काही संबंध नाही. सेल्सिअसचे शून्य जिथे आहे, तिथे फॅरनहाइटची मोजणी आधीच ३२ वर पोचलेली असते, एवढेच तो आकडा सांगतो.

एकाच रस्त्याच्या दोन कडांना दगड रोवले आहेत असे समजा. एका कडेचे दगड किलोमीटरचे, दुसऱ्या कडेचे मैलांचे, आणि मैलांची मोजणी बरीच मागच्या एका गावापासून सुरू झालेली. तुम्ही आत्ता कोणत्या दगडापाशी आहात हे दुसऱ्या मापात सांगायचे तर ते मागचे अंतर मिळवावेच लागेल. पण ‘आज किती चाललो’ हे सांगताना ते मागचे गाव मध्ये येत नाही. तिथे फक्त किलोमीटरचे मैल करायचे.

हेच आकड्यांत पाहू. सकाळी २० अंश सेल्सिअस होते, दुपारी ३० झाले. फॅरनहाइटमध्ये सकाळचे ६८ आणि दुपारचे ८६. वजाबाकी केली की १८. सकाळच्या आकड्यात ३२ मिळवलेले होते, दुपारच्या आकड्यातही होते, वजा करताना दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. सुरुवात २० ऐवजी उणे ५ पासून केली तरी तेच: उणे ५ म्हणजे २३ फॅरनहाइट, अधिक ५ म्हणजे ४१, फरक पुन्हा १८. बदल कुठून सुरू झाला याला महत्त्व नाही.

चूक पकडायला माझ्या मते सर्वांत चांगली युक्ती म्हणजे सूत्रात शून्य घालून बघणे. तापमान अजिबात बदलले नाही, म्हणजे ० अंशांचा बदल झाला. सूत्र म्हणते, ३२ फॅरनहाइटचा बदल झाला! घट घातली तर आणखी गंमत होते. १० अंशांची घट म्हणजे उणे १०. सूत्रातून बाहेर पडतात अधिक १४. थंडी पडली होती, कागदावर उकाडा वाढला.

उलट दिशेनेही हीच फसगत होते, आणि तिथे ती लवकर लक्षात येत नाही. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात स्पीअरफिश नावाचे गाव आहे. २२ जानेवारी १९४३ च्या सकाळी तिथे डोंगरउतारावरून चिनूक नावाचे उबदार वारे अचानक खाली आले आणि दोन मिनिटांत तापमान उणे ४ वरून ४५ अंश फॅरनहाइटवर गेले. वाढ ४९ अंशांची. आता या ४९ वर नेहमीचे उलटे सूत्र चालवले, म्हणजे ३२ वजा करून १.८ ने भागले, तर ९.४ अंश सेल्सिअस येतात. आकडा समजूतदार दिसतो. कुणाला शंकाही येणार नाही. पण खरी टोके बदलून पाहा. उणे ४ फॅरनहाइट म्हणजे बरोबर उणे २० सेल्सिअस, आणि ४५ म्हणजे ७.२. दोन मिनिटांतली खरी वाढ २७.२ अंशांची होती. चुकीच्या गणिताने त्या विलक्षण सकाळचा दोन तृतीयांश भाग गिळून टाकला असता. थेट ४९ ला १.८ ने भागले असते तरी २७.२ च आले असते.

काही आकडे बदलासारखे दिसत नाहीत, पण असतात बदलच. ‘तापमापक अर्ध्या अंशाने इकडेतिकडे दाखवू शकतो’ यातला अर्धा अंश हा फरक आहे, म्हणून तो ०.९ फॅरनहाइट. ‘सरासरीपेक्षा ३ अंशांनी जास्त’ म्हणजे ५.४. सरासरी स्वतः मात्र तापमापकावरचा आकडा आहे, तिला ३२ लागतात. हा गोंधळ टाळण्यासाठी शास्त्रीय लेखनात फरक बरेचदा केल्विनमध्ये देतात. केल्विनची पायरी सेल्सिअसएवढीच उंच आहे, फक्त शून्य दूर आहे, त्यामुळे १० अंश सेल्सिअसचा फरक म्हणजे १० केल्विनचाच फरक.

संगणकाला हा भेद आपोआप कळत नाही. स्प्रेडशीटमध्ये खाली दिलेली पहिली ओळ लिहिली की ५० मिळतात, कारण तो आकडा तापमापकावरचा आहे असे ती धरून चालते. फरक हवा असेल तर शून्याचे रूपांतर वजा करावे लागते, मग १८ येतात:

```
=CONVERT(10,"C","F")
=CONVERT(10,"C","F")-CONVERT(0,"C","F")
```

अर्थात, सरळ १.८ ने गुणले तरी चालते.

‘दर अंशामागे’ दिलेले आकडे मात्र आणखी एक वळण घेतात. पोलाद एक अंश सेल्सिअसने तापले की दर मीटरमागे साधारण १२ मायक्रोमीटर वाढते. फॅरनहाइटचा अंश लहान, म्हणून त्याच्या एका अंशामागे वाढही कमी: १२ भागिले १.८, म्हणजे सुमारे ६.७. इथे गुणायचे नसते, भागायचे असते. आता १० मीटरचा पोलादी गज १० अंश सेल्सिअसने तापला, तर तो १.२ मिलिमीटर वाढेल. फॅरनहाइटमध्ये ६.७ गुणिले १८ गुणिले १० केले तरी तेच, कारण गजाला आपले माप माहीत नसते. १८ च्या जागी ५० घातले की उत्तर ३.३ मिलिमीटरच्या पुढे जाते, आणि सांधा जवळजवळ तिप्पट मोकळा सोडला जातो. उत्तर दोन्ही मापांत जुळले नाही, तर कुठेतरी एक ३२ नको तिथे घुसलेला असतो, किंवा गुणाकाराच्या जागी भागाकार राहिलेला असतो.